गच्चीवरच्या सोलरसाठी सोसायटीची परवानगी : कोथरूडमधल्या एका अर्जाचे प्रकरण

कोथरूडमधली आमची सोसायटी १९९८ सालची. खाली पार्किंग, वर पाच मजले, एका मजल्यावर चार असे एकूण २० फ्लॅट. मी याच इमारतीत राहतो आणि व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. त्यामुळे गच्चीवर सोलर बसवण्याचा अर्ज कमिटीकडे आला तेव्हा तो तपासण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

अर्ज तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त सभासदांचा होता. मजकूर जेमतेम अर्धे पान : 'मला माझ्या घरच्या मीटरसाठी ३ किलोवॅटचे सोलर पॅनेल गच्चीवर बसवायचे आहेत, केंद्राच्या योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळणार आहे, तरी सोसायटीने ना हरकत दाखला द्यावा.' सोबत एका विक्रेत्याचे कोटेशन आणि चार रंगीत चित्रे जोडलेली. पॅनेल किती जागा घेणार, स्टँडचे पाय कशावर उभे राहणार, पुढे गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायची वेळ आली तर पॅनेल कोण आणि कोणाच्या खर्चाने काढणार, यातले काहीच नव्हते. असे अर्ज सोसायट्यांत सरसकट याच रूपात येतात. मग कमिटी एकतर सही करून मोकळी होते, नाहीतर भीतीपोटी नकार देते. आम्ही या दोन्ही वाटा सोडून अर्ज उलगडून पाहायचे ठरवले.

पहिला प्रश्न जागेचा होता. गच्ची साधारण ३,२०० चौरस फुटांची. त्यातून जिन्याची खोली, लिफ्टची मशीनरूम आणि पाण्याच्या टाक्या वजा करायच्या. दक्षिणेकडे आधीपासून सोलर वॉटर हीटरच्या दोन रांगा आहेत, त्यांची जागा वजा. पुण्याचे अक्षांश साडेअठरा अंश. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो आणि सकाळ-संध्याकाळ तो बराच खाली असतो. म्हणून टाकीच्या आणि मशीनरूमच्या उत्तरेला लांब सावली पडते, ती पट्टीही वजा. कठड्याची सावली टाळण्यासाठी आणि माणसाला फिरता यावे म्हणून कडेने तीन फूट सोडायचे. एवढे सगळे काढल्यावर उन्हाची, मोकळी अशी १,४०० चौरस फूट जागा उरली.

किलोवॅटला स्वच्छतेच्या वाटेसह १०० चौरस फूट धरावे लागतात. म्हणजे अर्जदार काकांना ३०० चौरस फूट हवे होते. उद्या २० जणांनी तोच हक्क मागितला तर ६,००० चौरस फूट लागतील. आपल्याकडे आहेत १,४००. पहिल्या चौघांना परवानगी दिली की उरलेल्या सोळा जणांसाठी गच्ची संपली. कमिटीच्या बैठकीत हा हिशेब मांडला तेव्हा काकांनीच विचारले, "म्हणजे मी आधी मागितलं हा माझा गुन्हा झाला का?" प्रश्न अगदी रास्त होता. आधी मागणाऱ्याला शिक्षा नको आणि नंतर येणाऱ्यावर अन्यायही नको, असा नियम बसवायचा होता.

इथे मालकीचा मुद्दा थोडक्यात. आमच्या सोसायटीचे अभिहस्तांतरण झालेले आहे, म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर आली आहे, आणि कुठल्याही करारनाम्यात गच्ची एखाद्या फ्लॅटला जोडून विकलेली नाही. त्यामुळे गच्ची सगळ्यांची आणि निर्णय सर्वसाधारण सभेचा, हे स्पष्ट होते. ज्यांचे अभिहस्तांतरण बाकी आहे त्यांनी आधी करारनामे काढून बघावेत. आणि पुण्यात पुष्कळ इमारती सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालच्या 'अपार्टमेंट' आहेत. तिथे सामाईक खर्च घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो, त्यामुळे पुढे येणारे समान वाटणीचे गणित त्यांना जसेच्या तसे लागू होणार नाही.

आता इमारतीच्या ताकदीकडे येतो, कारण सभासदांच्या मनात सगळ्यात मोठी भीती तीच होती. पाचव्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "एवढं वजन आमच्या डोक्यावर?" त्यांना मी आकडे दाखवले. ५४० वॅटच्या एका पॅनेलचे वजन २८ किलोच्या आसपास आणि त्याचे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरपेक्षा थोडे जास्त. लोखंडी सांगाडा धरूनही चौरस मीटरला ३० किलोच्या आत काम होते. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला १५० किलो चल भारासाठी धरलेला असतो. कोजागरीला गच्चीवर चाळीस माणसे जमतात तेव्हा स्लॅबवर सहा पॅनेलपेक्षा जास्त भार येतो. स्लॅब आणि बीम सुस्थितीत असतील तर वजन हा अडथळा नाही.

खरा प्रश्न वाऱ्याचा आहे, आणि तो खालून वर ओढणाऱ्या वाऱ्याचा. दक्षिणेकडे कललेले पॅनेल मागून आलेल्या वाऱ्यात छत्रीसारखे उचलले जातात. मानकात पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर दिलेला आहे. तो वेग घेऊन हिशेब केला तर दाब चौरस मीटरला ९० किलोच्या घरात येतो. पॅनेल गच्चीच्या कोपऱ्यात किंवा कडेला असतील तर त्याहूनही जास्त.

काकांच्या कोटेशनमध्ये सहा पॅनेल, पाच फूट उंच स्टँड, चार पाय आणि प्रत्येक पायाखाली एक फूट लांब-रुंद-उंच असा काँक्रीटचा ठोकळा होता. हे गणित मी कागदावर सगळ्यांसमोर मांडले. सहा पॅनेलचे क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटर. वर उचलणारा जोर, कुठलाही जादा गुणांक न लावता, साधारण १,४०० किलो. त्याला खाली धरून ठेवणार काय? पॅनेल १७० किलो, सांगाडा १२० किलो, आणि फूटभर घनाचा एक ठोकळा ६८ किलोचा, असे चार मिळून २७० किलो. एकूण ५६० किलो. म्हणजे सुरक्षेचे गुणांक लावण्याआधीच ८०० किलोंहून जास्त तूट. पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत काही झाले नाही म्हणून असा स्टँड सुरक्षित ठरत नाही. वळवाच्या एखाद्या वादळात तो कठड्यावरून शेजारच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जाऊ शकतो.

विक्रेत्याला हे दाखवल्यावर त्याने तोडगा सुचवला : ठोकळ्यांऐवजी बेसप्लेट थेट गच्चीत चार इंची बोल्टने ठोकू. हा तोडगा ठोकळ्यांपेक्षाही वाईट आहे. आपल्या जुन्या गच्च्यांवर स्लॅबच्या वर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे घालून केलेला वॉटरप्रूफिंगचा थर असतो. आमच्याकडे तो साडेचार इंच जाड निघाला. चार इंचाचा बोल्ट स्लॅबपर्यंत पोचतच नाही, तो कोब्यातल्या विटांच्या तुकड्यांना धरून उभा राहतो. म्हणजे पकड नाही ती नाहीच, वर कोब्याला आरपार भोक पडून पाण्याला वाट मिळते. हे पाणी लगेच दिसत नाही. कोब्याच्या पोटात पसरत जाते आणि भोकापासून आठ-दहा फूट लांब, भलत्याच खोलीच्या छतावर ओल उमटते. मग कुठल्या बोल्टमुळे गळते हे शोधणे जवळपास अशक्य होते. गच्चीवर सोलर बसवल्यावर गळती सुरू झाली अशी तक्रार ऐकली की मी आधी बेसप्लेटचे बोल्ट किती लांबीचे आहेत ते विचारतो.

योग्य पद्धत महाग आहे, पण ती एकदाच करायची असते. सांगाड्याचे पाय स्लॅबच्या मध्ये कुठेही न ठेवता इमारतीच्या कॉलमच्या डोक्यावर आणायचे. त्या जागी दीड फूट चौरस कोबा काढून खालचे काँक्रीट उघडे करायचे. कॉलमच्या माथ्यात भोके पाडून केमिकल अँकरने सळया बसवायच्या आणि त्यावर फूटभर उंचीचा काँक्रीटचा खुंट ओतायचा. बेसप्लेटचे बोल्ट या खुंटातच ओतून घ्यायचे. मग खुंटाच्या चारी बाजूंनी वॉटरप्रूफिंगचा थर वर चढवायचा आणि कोबा व खुंट यांच्या सांध्याला गोलाई द्यायची. असे केले की पाण्याची पातळी कधीच बोल्टपर्यंत पोचत नाही आणि वाऱ्याचा उचल-जोर सरळ कॉलममध्ये उतरतो. आमच्याकडे कॉलम साडेतीन मीटरच्या आसपास अंतरावर आहेत. त्यामुळे दोन खुंटांमधले लोखंडी गर्डर जाड घ्यावे लागले आणि सांगाड्याचा खर्च वाढला.

सांगाड्याची उंची मी सात फूट सुचवली. उंची वाढली की पायांवर वाकवणारा जोर वाढतो, तिरके आधार द्यावे लागतात, हे खरे. पण २७ वर्षांच्या गच्चीचा कोबा कधीतरी नव्याने करावाच लागणार. पॅनेल दोन फुटांवर असतील तर तेव्हा सगळा प्रकल्प उतरवून पुन्हा चढवावा लागतो. सात फुटांखाली गवंडी उभा राहून काम करतो, पॅनेलला हात लावावा लागत नाही. शिवाय खाली वाळवण घालता येते. चौथ्या मजल्यावरच्या आजींची हरकत एवढ्यानेच मिटली.

मी सभासद असल्यामुळे अहवालावर सही बाहेरच्या, महापालिकेचा परवाना असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची घेतली. वय १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असे आदर्श उपविधी सांगतात. आमचे ते राहिलेलेच होते. दोन्ही कामे एकत्र झाली. त्यांनी वरच्या मजल्यावरचे बीम ठोकून पाहिले, काँक्रीटची ताकद अजमावणाऱ्या रिबाउंड हॅमरच्या चाचण्या घेतल्या आणि ईशान्येच्या कोपऱ्यातल्या एका बीमचे सळयांवरचे काँक्रीटचे कव्हर सुटलेले दाखवले. त्या बीमजवळच्या कॉलमवर खुंट घ्यायचा नाही आणि बीमची दुरुस्ती आधी करायची, अशी अट अहवालात आली.

इथपर्यंत आल्यावर कमिटीतल्या सगळ्यांना एक गोष्ट जाणवली. खुंट, गर्डर, अहवाल, वॉटरप्रूफिंग हा खर्च एका सभासदाच्या सहा पॅनेलसाठी अवाजवी आहे. तोच सांगाडा मोठा केला तर सोसायटीच्या सामाईक मीटरसाठीही वापरता येतो. मग आम्ही सामाईक बिले काढली. लिफ्ट, पंप, जिना आणि पार्किंगचे दिवे मिळून महिन्याला सरासरी ९०० युनिट, आणि बिल साडेपंधरा हजारांच्या आसपास.

हे बिल एवढे का येते ते बऱ्याच सोसायट्यांना माहीत नसते. महावितरण गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक मीटरला घरगुती दरच लावते, पण घरगुती दर टप्प्यांचे आहेत : पहिली १०० युनिटे, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्यापुढे सगळ्यात महाग टप्पा. वीस घरांचा वापर एकाच मीटरवर आल्यामुळे ९०० पैकी ४०० युनिटे सगळ्यात महाग टप्प्यात पडतात. सोलरने युनिटे कमी होतात ती वरून कमी होतात. म्हणजे पहिला किलोवॅट सगळ्यात महाग युनिटे वाचवतो आणि शेवटचा किलोवॅट सगळ्यात स्वस्त.

यावरून क्षमता ठरली. पुण्यात एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने महिन्याला १२० युनिटे देतो. ९०० ला १२० ने भागले तर साडेसात किलोवॅट येतात, आणि विक्रेत्याने ८ सुचवले होते. आम्ही ७ घेतले. नेट मीटरिंगमध्ये एप्रिल-मे महिन्यांत जास्त झालेली युनिटे खात्यात जमा राहतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये, ढगांमुळे निर्मिती खूप घटते तेव्हा, ती वापरली जातात. पण ३१ मार्चला खाते बंद होते आणि तेव्हा शिल्लक असलेली युनिटे महावितरण आपल्या बिलाच्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने घेते. म्हणून मार्चअखेर शिल्लक राहील एवढी क्षमता घेण्यात पैसे अडकतात. ७ किलोवॅटवर महिन्याला साठेक युनिटे विकत घ्यावी लागतील, तीही सगळ्यात स्वस्त टप्प्यातली.

हाच हिशेब आम्ही काकांच्या घरच्या बिलाला लावला. त्यांचा वापर महिन्याला २८० युनिटांचा. ३ किलोवॅटचे सहा पॅनेल महिन्याला ३८० च्या वर युनिटे देणार, म्हणजे शंभर युनिटे दरमहा फुकट जाण्यासारखी. चार पॅनेल, म्हणजे २ किलोवॅटहून थोडे जास्त, २६० युनिटे देतात. तेवढे त्यांना पुरतात. त्यांना ७८,००० च्या अनुदानाचा मोह होता, पण २ किलोवॅटलाही ६०,००० मिळतात. तिसऱ्या किलोवॅटचे अनुदान फक्त १८,००० आहे आणि त्याचा खर्च त्याच्या तिपटीहून जास्त. स्वतः आकडेमोड करून पाहिल्यावर काकांनी आपला अर्ज २ किलोवॅटचा करून दिला. त्यामुळे जागेचा पेच अर्धा सुटला.

मग गच्चीची वाटणी अशी झाली : ७०० चौरस फूट सोसायटीच्या ७ किलोवॅटला, २०० चौरस फुटांच्या तीन जागा वैयक्तिक सभासदांना, आणि १०० चौरस फूट मधली वाट. सोसायटीचा प्रकल्प सगळ्यांचे बिल कमी करतो, म्हणून त्याचा हक्क पहिला. वैयक्तिक जागा अर्जाच्या तारखेप्रमाणे, एका फ्लॅटला एकच. तीन भरल्या की पुढच्यांची प्रतीक्षायादी.

खर्चाचा तक्ता मी सभेच्या नोटिशीसोबतच वाटायला सांगितला होता, कारण सभेत पहिल्यांदा आकडे ऐकून कोणी शांतपणे मत देऊ शकत नाही. सात फुटी सांगाडा, भारतीय बनावटीचे पॅनेल (अनुदानासाठी ते बंधनकारक आहेत), इन्व्हर्टर, वायरिंग आणि अर्थिंग धरून ४,५५,००० रुपये. स्ट्रक्चरल अहवाल १५,०००. एकूण ४,७०,०००. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे ७ किलोवॅटला १,२६,०००. निव्वळ खर्च ३,४४,०००, फ्लॅटमागे १७,२००.

पण अनुदान प्रकल्प सुरू झाल्यावर येते. विक्रेत्याचे पैसे आधी द्यायचे असतात. म्हणून वर्गणी १७,२०० ची न मागता पूर्ण २३,५०० ची मागितली आणि अनुदान जमा झाल्यावर ६,३०० रुपये देखभाल बिलात वळते करायचे ठरवले. हे आधी नीट सांगितले नाही तर 'ठरले होते सतरा, मागतात साडेतेवीस' अशी कुजबुज सुरू होते आणि कामाला खीळ बसते. सिंकिंग फंड वापरा, अशी एक सूचना आली होती. ती आम्ही स्वीकारली नाही. तो निधी पुनर्बांधणी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेला आहे, सोलरसाठी तो मोडणे लेखापरीक्षणात अडकते. कोबा आणि बीमची दुरुस्ती मात्र दुरुस्ती निधीतून केली, कारण ती सोलर नसते तरी करावीच लागली असती.

वाटणी समान का, यावर पहिल्या मजल्यावरच्या सभासदांचा आक्षेप होता : "आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही एवढे का द्यायचे?" उत्तर असे की सामाईक विजेचे बिल आजही सेवा शुल्क म्हणून प्रत्येक फ्लॅटवर सारखेच पडते. जे बिल समान वाटले जाते ते कमी करण्याचा खर्चही समान. फायदा आणि भार एकाच मापाने वाटले की तक्रारीला जागा राहत नाही. क्षेत्रफळाप्रमाणे वाटणी केली असती तर मोठ्या फ्लॅटने जास्त भरून फायदा मात्र सारखाच घेतला असता.

वर्षाला दीड लाख बचत आम्ही हात राखून धरली होती. त्या हिशेबाने निव्वळ खर्च अडीच वर्षांच्या आत वसूल होतो. हा आकडा महत्त्वाचा ठरला, कारण कोथरूडमध्ये आमच्या वयाच्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत आणि "पाच वर्षांत पाडायचीच असेल तर आत्ता कशाला?" हा प्रश्न सभेत येणारच होता. पॅनेल, इन्व्हर्टर आणि बोल्टने जोडलेला सांगाडा उतरवून नव्या इमारतीवर नेता येतो. वाया जातात ते फक्त खुंट.

विशेष सर्वसाधारण सभा पाच पूर्ण दिवसांच्या नोटिशीने बोलावली. २० सभासदांत गणपूर्ती १४ ची, हजर १५. ठरावाच्या बाजूने १२, विरोधात ३. वैयक्तिक परवानगीचा ठराव शब्दशः देतो, कारण पुढचे वाद शब्दांवरच होतात :

'अर्जदार सभासदांना गच्चीवरील नकाशात दाखवलेल्या २०० चौरस फूट जागेत २.१६ किलोवॅटपर्यंतचे सौर पॅनेल स्वखर्चाने बसवण्यास परवानगी देण्यात येत आहे. ही परवानगी केवळ वापराची असून त्यामुळे गच्चीवर मालकी वा भाडेपट्ट्याचा हक्क निर्माण होत नाही. पॅनेल संस्थेने मंजूर केलेल्या सांगाड्यावरच बसवावेत. कोबा वा स्लॅबमध्ये कुठेही भोक पाडू नये. केबल संस्थेने दाखवलेल्या डक्टमधूनच न्यावी. सांगाड्याच्या व खुंटांच्या खर्चाचा प्रमाणशीर हिस्सा सभासदाने भरावा. संस्थेच्या दुरुस्तीसाठी पॅनेल काढणे आवश्यक झाल्यास ३० दिवसांच्या लेखी सूचनेनंतर सभासदाने ते स्वखर्चाने काढावेत व पुन्हा बसवावेत. त्या काळातील वीजनिर्मितीची भरपाई संस्था देणार नाही. फ्लॅट विकल्यास नव्या सभासदाने या अटी लेखी मान्य कराव्यात, अन्यथा पॅनेल काढून घ्यावेत. पुनर्विकासाच्या वेळी पॅनेल स्वखर्चाने काढावेत.'

विरोधात मत देणाऱ्या तिघांपैकी एकांना भाडे हवे होते. खाजगी फायद्यासाठी सामाईक जागा वापरतात तर महिन्याला काही द्यावे, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. भाडे घेतले की तो सभासद जागेवर हक्क सांगू लागतो आणि संस्थेला 'काढा' म्हणणे अवघड होते. त्यापेक्षा त्या २०० चौरस फुटांच्या वॉटरप्रूफिंगचा जादा खर्च त्याने सोसावा, हे स्वच्छ आहे. ती तरतूद वेगळ्या ओळीत घातली.

कामात दोन अडचणी आल्या. महावितरणकडे अर्ज करताना सामाईक मीटरचा मंजूर भार कागदोपत्री ५ किलोवॅट निघाला. महाराष्ट्रात नेट मीटरिंगची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त असता येत नाही. १० किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पाला २०२४ च्या नियमदुरुस्तीपासून वेगळा तांत्रिक अभ्यास लागत नाही, पण भारवाढ लागतेच. ती आधी करून मगच सोलरचा अर्ज पुढे गेला. बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. कोटेशन मागवण्याआधी तो बघून ठेवला की हे दिवस वाचतात.

दुसरी अडचण मोलाची ठरली. खुंट ओतून झाल्यावर, सांगाडा चढवण्याआधी, गच्चीच्या त्या भागात वीटबांध घालून ४८ तास पाणी साठवायची अट करारात होती. दुसऱ्या दिवशी पाचव्या मजल्यावर एका खोलीच्या छताला, बरोबर खुंटाखाली, वहीच्या पानाएवढी ओल दिसली. पाणी काढून पाहिले तेव्हा त्या एका खुंटाच्या सांध्याला गोलाई न देता सरळ गिलावा केलेला आढळला. ठेकेदाराने तो भाग फोडून पुन्हा केला, पुन्हा पाणी भरले, छत कोरडे राहिले. हे स्वखर्चाने करण्याशिवाय त्याला मार्ग नव्हता, कारण १० टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवली होती. सांगाडा चढल्यावर ही ओल दिसली असती तर खुंट, लोखंड की कोबा, यावर महिनाभर वाद झाला असता.

आता सामाईक बिल कोरड्या महिन्यांत स्थिर आकार आणि शुल्कापुरतेच उरते. पुणे महापालिका मिळकतकरातल्या सामान्य करात सौर प्रकल्पासाठी सवलत देते. प्रकल्प चालू असल्याची तपासणी झाल्यावरच ती लागू होते, म्हणून प्रत्येक सभासदाचा अर्ज सोसायटीने एकत्र दाखल केला. काकांचे चार पॅनेल त्याच सांगाड्याच्या पूर्वेकडच्या टोकाला आहेत, दुसरी जागा पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी घेतली. तिसऱ्या जागेसाठी एकाच दिवशी दोन अर्ज आले आहेत आणि तारखेचा नियम तिथे अपुरा पडतो. त्यासाठी पुढच्या वार्षिक सभेत चिठ्ठी काढण्याची तरतूद विषयपत्रिकेवर घेतली आहे.